संपर्कश्रेणी व परिचयमार्ग

व्यावसायिक ओळखींसाठी चालविल्या जाणाऱ्या संकेतस्थळांवर दोन सदस्यांमधील अंतर मोजण्याच्या मापास संपर्कश्रेणी असे म्हणतात. एका सदस्यापासून इच्छित व्यक्तीपर्यंत परस्परांच्या ओळखींतून जाणारी साखळी म्हणजे परिचयमार्ग. ज्या साखळीतील प्रत्येक माणूस पुढच्या माणसाला खरोखर ओळखतो आणि त्याच्याकडे शब्द टाकू शकतो, ती साखळी उबदार समजली जाते. संकेतस्थळ श्रेणी मोजते ती केवळ कड्यांच्या संख्येवरून. कड्यांची ऊब त्याला मोजता येत नाही. त्यामुळे संकेतस्थळाने दाखविलेला सर्वांत आखूड मार्ग हा पोहोचण्याच्या दृष्टीने सर्वांत चांगला मार्ग असतोच असे नाही.

श्रेणी मोजण्याची रीत : या प्रकारचे सर्वांत मोठे संकेतस्थळ लिंक्डइन हे होय. ते २००३ च्या मे महिन्यात सुरू झाले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने ते विकत घेतले. त्यावर एखाद्या सदस्याने पाठविलेले निमंत्रण दुसऱ्याने स्वीकारले, की ते दोघे एकमेकांचे पहिल्या श्रेणीचे संपर्क होतात. पडद्यावर अशा व्यक्तीच्या नावापुढे 1st अशी खूण दिसते. ज्याच्याशी थेट जोड नाही, परंतु आपल्या पहिल्या श्रेणीतील किमान एका माणसाची आहे, तो दुसऱ्या श्रेणीचा संपर्क. त्याची खूण 2nd. त्यापलीकडील व्यक्तींपुढे 3rd+ ही खूण येते. त्यांत तिसरी श्रेणी व तिच्याही पुढील माणसे एकत्र धरलेली असतात. एखाद्याचे केवळ अनुयायी झाल्याने श्रेणी बदलत नाही, कारण अनुसरण एकतर्फी असते, तर जोड उभयपक्षी असावी लागते.

ही श्रेणी म्हणजे आलेख सिद्धांतातील किमान अंतर होय. प्रत्येक सदस्य हा एक बिंदू आणि प्रत्येक जोड ही दोन बिंदूंना सांधणारी रेषा मानली, तर दोन बिंदूंमधील सर्वांत कमी रेषांची संख्या म्हणजे श्रेणी. येथे ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन व्यक्तींमध्ये दोन रेषांचा एक आणि तीन रेषांचे पन्नास मार्ग असले, तरी संकेतस्थळ फक्त ‘दुसरी श्रेणी’ एवढेच सांगते. उरलेले पन्नास मार्ग आहेत याचा सुगावाही पाहणाऱ्यास लागत नाही.

श्रेणीगणिक माणसांची संख्या फार वेगाने वाढते. प्रत्येकाला ३०० संपर्क आहेत आणि कोणाचाही संपर्क दुसऱ्याच्या यादीत पुन्हा येत नाही असे मानले, तर दुसऱ्या श्रेणीत सुमारे ९० हजार आणि तिसऱ्या श्रेणीत २ कोटी ७० लाख माणसे येतील. प्रत्यक्षात एकाच व्यवसायातील, गावातील वा महाविद्यालयातील लोकांच्या याद्या बऱ्याच प्रमाणात एकमेकींवर पडतात, म्हणून खरे आकडे यांहून पुष्कळच लहान असतात. तथापि दुसऱ्या श्रेणीचा आवाका पाहता, आपल्याच क्षेत्रातील इच्छित व्यक्ती त्या श्रेणीत सापडणे ही विशेष गोष्ट नव्हे. खरा प्रश्न मार्ग आहे की नाही हा नसून, तो मध्येच तुटेल की नाही हा आहे.

साखळ्या का तुटतात : या प्रश्नाचा प्रायोगिक अभ्यास संगणकजालाच्या आधीचा आहे. अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिल्ग्रॅम यांनी १९६७ मध्ये आणि जेफ्री ट्रॅव्हर्स यांच्यासह १९६९ मध्ये अशा प्रयोगांचे वृत्तांत प्रसिद्ध केले. १९६९ च्या वृत्तांतानुसार नेब्रॅस्का राज्य व बॉस्टन येथील २९६ व्यक्तींना एक टपाल देण्यात आले. बॉस्टनमध्ये काम करणाऱ्या एका शेअरदलालापर्यंत ते पोहोचवायचे होते. मात्र स्वतः त्याला ओळखत नसल्यास ते केवळ आपल्या प्रत्यक्ष ओळखीच्या माणसाकडेच द्यायचे, अशी अट होती. २१७ व्यक्तींनी ते पुढे धाडले आणि त्यांपैकी ६४ टपाले दलालापर्यंत पोहोचली. पोहोचलेल्या साखळ्यांत सरासरी पाचांहून किंचित अधिक मध्यस्थ होते. त्या ६४ पैकी १६ टपाले शेवटच्या टप्प्यात दलालाच्या गावातील एकाच कापडव्यापाऱ्याच्या हातून आली.

या प्रयोगातील ‘पाच-सहा माणसांचे अंतर’ लोकांच्या ध्यानात राहिले; तुटलेल्या १५३ साखळ्या मात्र विसरल्या गेल्या. २००३ मध्ये पीटर डॉड्स, रॉबी मुहम्मद व डंकन वॉट्स यांनी तोच प्रयोग ई-टपालाच्या साह्याने १३ देशांतील १८ लक्ष्यव्यक्ती घेऊन केला. त्यात सुरू झालेल्या २४,१६३ साखळ्यांपैकी फक्त ३८४ पूर्ण झाल्या, म्हणजे शंभरात दोनही नाहीत. पुढे कोणाला पाठवावे हे न सुचल्याने थांबलेले लोक त्यांत अगदीच थोडे होते. बहुतेकांना ते काम करावे असे वाटलेच नाही. पूर्ण झालेल्या साखळ्यांत व्यावसायिक ओळखींचा वाटा मोठा होता आणि अफाट ओळखी असलेल्या व्यक्तींवाचून त्यांचे फारसे अडले नव्हते, असेही आढळले. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. प्रत्येक जादा कडी ही साखळी तुटण्याची एक जादा जागा असते, म्हणून आखूड मार्ग श्रेयस्कर ठरतो. तसेच, पुढे पाठविण्याची इच्छा नसलेली एक कडी आखूड मार्गालाही निरुपयोगी करते.

सामाईक संपर्कांचे वाचन : दुसऱ्या श्रेणीतील व्यक्तीच्या पानावर तिचे व आपले सामाईक संपर्क दाखविलेले असतात. हीच संभाव्य मध्यस्थांची यादी होय. इच्छित व्यक्तीने आपली संपूर्ण संपर्कसूची इतरांपासून झाकून ठेवली असली, तरी सामाईक नावे दिसतात. ही यादी वाचताना संख्येला फारसे महत्त्व देऊ नये. एकाच उद्योगातील दोन अनोळखी माणसांचे चाळीस सामाईक संपर्क असू शकतात आणि त्या चाळिसांपैकी एकाचीही इच्छित व्यक्तीशी खरी ओळख नसू शकते. नोकरभरती करणारे दलाल, प्रदर्शनांचे आयोजक आणि प्रशिक्षणवर्ग चालविणारे यांची नावे अशा यादीत हटकून येतात. त्यांची जोड बहुतेकांशी असते. परंतु त्यांच्या शब्दाला एका विशिष्ट माणसाकडे वजन असेलच, असे नाही.

प्रत्येक मध्यस्थाच्या बाबतीत दोन स्वतंत्र कड्या तपासाव्या लागतात : शोधणाऱ्यापासून मध्यस्थापर्यंतची आणि मध्यस्थापासून इच्छित व्यक्तीपर्यंतची. पहिली कडी ज्याची त्याला ठाऊक असते. दुसरीचा अंदाज दोघांच्या पानांवरील नोंदींवरून बांधता येतो. दोघे एकाच कंपनीत एकाच काळात होते काय, आणि असल्यास एकाच विभागात व गावी होते काय, हे प्रथम पाहावे. पाच हजार कामगारांच्या कारखान्यात दोघे एकाच वर्षी नोकरीस होते यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. पंधरा माणसांच्या विभागात तीन वर्षे बरोबर होते यावरून मात्र बरेच सिद्ध होते. एकाने दुसऱ्याविषयी लिहिलेला शिफारशीचा मजकूर पानावर असेल, तर तो त्याहून बळकट पुरावा होय. केवळ एकाच महाविद्यालयाचे नाव, तेही दहा वर्षांच्या अंतराने, हा पुरावा दुबळा असतो.

येथे जवळच्या ओळखीच तेवढ्या उपयोगी, असा समज करून घेणेही चुकीचे ठरेल. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या प्रसिद्ध सिद्धांतानुसार नवी माहिती बहुधा दूरच्या ओळखींतून येते, कारण जवळची माणसे आपल्याच वर्तुळात वावरत असतात. लिंक्डइनवरील सुमारे दोन कोटी सदस्यांच्या आधारे केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्यात एक दुरुस्ती केली. सामाईक संपर्कांच्या संख्येवरून मोजले असता, नोकरी मिळण्यास सर्वांत उपयोगी ठरल्या त्या अगदी जवळच्याही नव्हेत आणि अगदी दूरच्याही नव्हेत, अशा मध्यम-दुबळ्या ओळखी. मध्यस्थ निवडताना म्हणूनच जुने सहकारी, माजी वरिष्ठ, पूर्वीचे ग्राहक यांचा विचार आधी करणे युक्त ठरते. ते वेगळ्या वर्तुळात गेलेले असतात, पण आपल्याला विसरलेले नसतात.

दोन्ही टोकांकडून शोध : संकेतस्थळ न दाखविणारे लांब परंतु उबदार मार्ग शोधण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. केवळ आपल्या बाजूने तीन कड्या पुढे जाऊ लागल्यास लक्षावधी नावांतून वाट काढावी लागते. त्याऐवजी इच्छित व्यक्तीच्या बाजूने एक पाऊल मागे यावे. तिने पूर्वी जेथे काम केले ती कंपनी, तो विभाग व ती वर्षे नोंदवून घ्यावीत आणि व्यक्तिशोधातील Past company या गाळणीने त्याच काळातील माजी सहकारी काढावेत. मग त्यांतून फक्त 2nd ही खूण असलेली माणसे निवडावीत. या प्रत्येक माणसाच्या व आपल्यामध्ये एक सामाईक संपर्क असतोच. तो कोण हे पाहिले, की तीन कड्यांचा संपूर्ण मार्ग हाती येतो. संगणकशास्त्रात दोन्ही टोकांकडून शोध घेऊन मध्ये भेटण्याची जी पद्धत वापरतात, तिचेच हे हाताने केलेले रूप आहे. विनामूल्य खात्यावर शोधांच्या संख्येस मर्यादा असते, म्हणून एक-दोन कंपन्या नीट निवडून शोध घेणे सोयीचे पडते.

एक उदाहरण : कोल्हापूर परिसरात फाउंड्रींची, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यांची, मोठी वस्ती आहे. तेथील एका लहान फाउंड्रीच्या मालकीणबाईंना पुण्याकडील एका पंपनिर्मिती कंपनीच्या खरेदीप्रमुखांपुढे आपल्या बिडाच्या केसिंगचा नमुना ठेवायचा आहे, असे समजू. या खरेदीप्रमुखांस ‘ल’ म्हणू. संकेतस्थळावर ल यांच्या नावापुढे 2nd ही खूण आहे आणि सामाईक संपर्क तीन आहेत.

त्यांपैकी ‘क’ हा नोकरभरतीचा दलाल. त्याची व बाईंची बऱ्यापैकी ओळख आहे, परंतु ल त्याच्यासारख्या अनेकांशी जोडलेले आहेत. ‘ख’ हे ल यांच्या विभागात चार वर्षे होते. मात्र बाईंशी त्यांची भेट एका प्रदर्शनात पाच मिनिटे झाली, तेवढीच. ‘ग’ या बाईंच्या वर्गमैत्रीण. पण ल यांच्याशी त्यांचा संबंध दोन दिवसांच्या एका प्रशिक्षणवर्गापुरता आला. प्रत्येक कडी पुढे सरकण्याची शक्यता ० ते १ या दरम्यान अंदाजाने मांडून त्या संख्यांचा गुणाकार केला, तर मार्गाची एकूण शक्यता मिळते. क यांच्या मार्गासाठी ०·६ × ०·१ म्हणजे ०·०६. ख यांच्यासाठी ०·३ × ०·७ म्हणजे ०·२१. आणि ग यांच्यासाठी ०·९ × ०·२ म्हणजे ०·१८ अशी उत्तरे येतात.

आता दुसऱ्या टोकाकडून पाहिले असता, ल यांनी आधीच्या कंपनीत सहा वर्षे काढली होती असे दिसते. तेथील त्या काळच्या माजी सहकाऱ्यांत ‘च’ यांच्या नावापुढे 2nd ही खूण आहे आणि त्यांचा व बाईंचा सामाईक संपर्क म्हणजे ‘घ’. बाईंनी स्वतःचा कारखाना काढण्यापूर्वी ज्यांच्या हाताखाली नोकरी केली, ते हे विभागप्रमुख होत. घ व च सध्या एकाच ठिकाणी काम करतात. बाईंपासून घ, घ यांच्यापासून च आणि च यांच्यापासून ल या तीन कड्यांना अनुक्रमे ०·८, ०·७ व ०·७ अशा शक्यता दिल्या, तर गुणाकार ०·३९ येतो. कड्या दोनऐवजी तीन असूनही हा मार्ग ख यांच्या मार्गाच्या जवळजवळ दुप्पट भरवशाचा ठरतो.

हे आकडे मोजून काढलेले नसून अंदाजाचे असतात. त्यांचा उपयोग मार्गांचा क्रम लावण्यापुरताच आहे. तो क्रम कोणत्या कडीवर अवलंबून आहे, हे मात्र त्यांवरून कळते. प्रस्तुत उदाहरणात च व ल यांची ओळख मानली त्याच्या निम्मीच, म्हणजे ०·३५ निघाली, तर एकूण शक्यता ०·२० वर येते आणि ख यांचा मार्ग किंचित वरचढ ठरतो. म्हणून प्रत्यक्ष विनंतीपूर्वी याच कडीची चौकशी करणे आवश्यक असते. ‘सर, च साहेब आणि ल साहेब पूर्वी एका कंपनीत होते असे दिसते. त्यांचा अजून संबंध आहे का, हे आपल्याला ठाऊक आहे का?’ एवढा प्रश्न घ यांना पुरतो. त्यात कोणतीही गळ नसल्याने खरे उत्तर मिळण्याचा संभव अधिक असतो.

विनंतीची रीत : मध्यस्थ हा आपली पत उसनी देत असतो. ओळख करून दिलेला माणूस कच्चा निघाला, तर उणेपणा मध्यस्थाकडे येतो. या कारणाने चांगल्या विनंतीत तीन गोष्टी असाव्या लागतात : ल यांच्याकडेच का जायचे आहे हे, त्यांच्याकडून नेमके काय हवे हे, आणि मध्यस्थाला संकोच न वाटता नकार देता यावा अशी मोकळीक. उदाहरणातील बाईंनी घ यांना दोन भागांत लिहिणे इष्ट होय. पहिला भाग खुद्द घ यांच्यासाठी असतो : ‘सर, आपल्याला योग्य वाटले तरच हा मजकूर च साहेबांना पाठवावा, अडचण असल्यास अजिबात संकोच करू नये.’ दुसरा भाग जसाच्या तसा पुढे धाडता येईल असा, पाच-सहा ओळींचा असतो. त्यात कारखाना कोठे आहे, कोणत्या वजनाच्या केसिंग ओतल्या जातात, तपासणीची सोय काय आहे आणि मागणे फक्त एक नमुना पाहण्यापुरते आहे, हे सांगितलेले असते. मध्यस्थाला स्वतः काही रचावे लागले नाही, की साखळी थबकण्याचे एक कारण कमी होते.

यानंतर च यांनी प्रथम ल यांना विचारावे आणि होकार आल्यावरच दोघांची गाठ घालून द्यावी, हा शिष्टाचार होय. न विचारता दोघांनाही एकाच संदेशात ओढल्यास ल यांच्यावर भीड पडते आणि उत्तर कोरडे येते. एका वेळी एकच मार्ग चालवावा, हेही महत्त्वाचे आहे. ख, ग व घ या तिघांकडून एकाच आठवड्यात तेच नाव पुढे आले, तर ल यांना तो दबाव वाटतो आणि तिघाही मध्यस्थांना आपला उपयोग करून घेतला गेल्याची भावना होते. आठ-दहा दिवस वाट पाहून, एकदा सौम्य आठवण देऊन, मगच दुसऱ्या मार्गाकडे वळावे. फळ काहीही निघो, घ यांना ते कळविणे आवश्यक असते. न कळविल्यास ती कडी पुढच्या वेळी थंड झालेली आढळते.

दोष व मर्यादा : संकेतस्थळावरील जोड एकदा झाली, की कोणी ती तोडीपर्यंत तशीच राहते, माणसांतील संबंध तसे राहत नाहीत. दहा वर्षांपूर्वीच्या सहकाऱ्यांत आता बोलणेही नसेल, किंवा त्यांचे बिनसलेले असेल. एकाच विभागात काम केल्याचा पुरावा ओळख सिद्ध करतो, सद्भाव सिद्ध करीत नाही. वरिष्ठ व हाताखालचा यांचा संबंध असेल, तर कोणी कोणाकडे शब्द टाकायचा आहे यावरही त्याचे वजन बदलते. ‘हो, पाहतो’ असे मोघम उत्तर आले आणि पुढील प्रश्नांना बगल मिळू लागली, तर कडी पोकळ आहे असे समजून मध्यस्थाला त्यातून सन्मानाने मोकळे करावे.

उलट दिशेनेही चूक संभवते. पुष्कळ माणसे या संकेतस्थळांवर नसतात किंवा नावापुरतीच असतात, विशेषतः कारखान्यांचे जुने कामगार, लहान व्यापारी व निवृत्त अधिकारी. मिल्ग्रॅम यांच्या प्रयोगातील कापडव्यापाऱ्यासारखा गावातील माणूस कोणत्याही यादीत न दिसता सर्वांत भरवशाचा मध्यस्थ ठरू शकतो. तेव्हा संकेतस्थळावर मार्ग दिसला नाही, याचा अर्थ मार्ग नाही असा होत नाही. शिवाय जो आपली सध्याची नोकरी सोडण्याच्या विचारात आहे, त्याने मध्यस्थ निवडताना तो माणूस आपल्या वरिष्ठांच्याही जोडीत आहे काय, हे आधी पाहणे जरूर आहे. कारण ज्या मार्गाने विनंती पुढे जाते, त्याच मार्गाने बातमी मागेही येते.

थेट संदेश पाठविणे हा पर्याय मग उरतोच आणि सर्व मार्गांची शक्यता फार कमी भरत असेल, तेव्हा तोच अधिक सरळ ठरतो. नीट लिहिलेल्या थेट पत्रात निदान कोणाची पत उसनी घेतलेली नसते. अनिच्छेने पुढे ढकललेली ओळख मात्र थेट पत्राहूनही थंड असते, कारण ती देणाऱ्याचा निरुत्साह ल यांच्यापर्यंत पोहोचतोच.